रिंगटोन लावली तरी वाजत नाही आणि नावाऐवजी नंबर दिसतो

प्रश्न: आईच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावलीये. कधी वाजते, कधी नेहमीचीच वाजते, आणि नेहमीची वाजली की स्क्रीनवर नावाऐवजी नुसता नंबर येतो. नंबर सेव्ह आहे, दहा वेळा बघितलं. शिवाय मीटिंगमधे फोन खिशात असताना तिचा कॉल व्हायब्रेशनवरून ओळखता येईल असं काही करता येतं का? माझा अँड्रॉइड, बायकोचा आयफोन.

आधी रिंगटोनला हात लावू नका, ती बरोबर लागलेली आहे. टोन चुकते तेव्हाच नाव पण गायब असतं ना, मग त्या वेळी फोनला कॉल कोणाचा आहे हेच कळलेलं नसतं. मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात मला बरीच वर्षं झाली आणि ही तक्रार घेऊन येणारे जवळजवळ सगळे जण रिंगटोन चार वेळा बदलून मग आलेले असतात, काही जण तर फोन रीसेट मारून आलेले असतात, आणि दोष निघतो भलतीकडेच.

होतं काय, की कॉल येतो तेव्हा नेटवर्ककडून फोनला साधारणपणे फक्त नंबर मिळतो. तो नंबर घेऊन फोन तुमच्या कॉन्टॅक्टमधे शोधाशोध करतो. जुळणारं कार्ड सापडलं की त्यावरचं नाव उचलतो, फोटो उचलतो आणि त्या कार्डाला टोन जोडलेली असेल तर ती वाजवतो. कार्ड सापडलं नाही तर नंबर जसा आला तसा दाखवतो आणि डिफॉल्ट टोन वाजवतो. म्हणजे टोन नंबराला चिकटलेली नसतेच, ती कार्डाला चिकटलेली असते. एवढं डोक्यात बसलं की मग कुठे शोधायचं ते आपोआप कळतं: कॉलच्या वेळी नाव दिसलं आणि टोन चुकली तर भानगड टोनची, नावच नाही दिसलं तर टोनबद्दल विचारही करायचा नाही.

तुमच्या केसमधे "कधी कधी" हा शब्द महत्त्वाचा आहे. नंबर कायमच चुकीचा सेव्ह असता तर नाव कधीच आलं नसतं. नाव किंवा टोन कधी बरोबर कधी चूक येण्याची माझ्या बघण्यात तीन कारणं असतात, आणि त्यातलं एक असं आहे की ते लोकांच्या लक्षातच येत नाही, तेच आधी सांगतो.

माझ्या मावशीचा फोन. मुलाच्या नंबरला तिने एक बासरीची धून लावलेली, आणि तिचं म्हणणं असं की संध्याकाळी त्याचा फोन आला की बासरी वाजते पण सकाळी आला की साधी घंटी वाजते आणि नंबर दिसतो. घरातल्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, सकाळ-संध्याकाळ बघून फोन वाजतो होय! मी फोन हातात घेतला, कार्ड बघितलं, नंबर बरोबर, टोन बरोबर, माझ्यासमोर मुलाने कॉल केला तर बासरी वाजली. मग तिला विचारलं की सकाळी उठल्यावर फोन बोटाने उघडतो का. म्हणाली, "नाही रे, सकाळी पिनच मागतो, मग दिवसभर बोट चालतं." तिथेच उत्तर सापडलं. सेटिंगमधे जाऊन बघितलं तर ठरलेल्या वेळी फोन आपोआप रीस्टार्ट करायचं बटण चालू, वेळ पहाटेची.

रीस्टार्ट झालेला फोन जोपर्यंत पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्न टाकून उघडत नाही तोपर्यंत त्यातला तुमचा डेटा कुलूपबंद असतो, आणि कॉन्टॅक्ट त्याच डेटात येतात. फोन चालू दिसतो, रेंज असते, कॉल येतो, वाजतो, पण नावांची वही कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून नुसता नंबर आणि डिफॉल्ट टोन. अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हीकडे हे असंच होतं आणि हा बिघाड नाहीये, सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं आहे. मावशी उठायच्या आत मुलगा फोन करायचा, ती तसाच उचलायची. रोजचा रीस्टार्ट बंद केला, बासरी सकाळी पण वाजायला लागली.

तुमच्याकडे हेच आहे का ते ओळखायची खूण सोपी आहे. नंबर दिसला की त्या वेळी फोन उघडताना बोट किंवा चेहरा चालतोय का बघा. नुसता पिन मागत असेल आणि रीस्टार्ट झाल्यामुळे पिन टाका अशा अर्थाचं काही लिहून येत असेल तर हेच कारण. रात्री अपडेट बसला, बॅटरी संपून बंद पडला, खिशात बटण दाबलं गेलं, काहीही असू शकतं. अलीकडे तर तीन दिवस फोन उघडलाच नाही तर तो स्वतःहून रीस्टार्ट होतो, आयफोनमधे iOS 18.1 पासून आणि अँड्रॉइडमधे 2025 पासून हे आलंय, त्यामुळे ड्रॉवरमधे पडलेल्या दुसऱ्या फोनवर कॉल आला की हमखास नंबरच दिसतो. एकदा पिन टाकला की संपलं. ज्यांच्या फोनला लॉकच नाही त्यांना हा त्रास होत नाही, पण म्हणून लॉक काढू नका हो, नावासाठी एवढा सौदा बरा नाही.

दुसरं कारण म्हणजे आई दरवेळी एकाच रूपात येत नाही. माणूस एक असला तरी नंबर वेगवेगळ्या रूपात येतो, कधी अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावून, कधी पुढे शून्य लावून, कधी साधा. परदेशातून किंवा रोमिंगवरून कॉल आला, इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या एखाद्या सेवेतून आला, तर रूप बदलतं. फोन यातली बरीच रूपं ओळखतो, अँड्रॉइड नंबराची तुलना करताना शेपटाकडच्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवतो त्यामुळे पुढचं शून्य किंवा कोड असला-नसला तरी सहसा जुळतं. पण सेव्ह करताना गडबड केलेली असेल तर कधीकधी जुळत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी गडबड म्हणजे अधिक चिन्ह, देशाचा कोड, मग शून्य आणि मग नंबर. ते शून्य देशांतर्गत डायल करण्यासाठी असतं, कोड लावला की ते गळतं. इटलीसारखा अपवाद आहे, तिथल्या लँडलाईनचं शून्य कोड लावल्यावर पण राहतं, पण बहुतेक ठिकाणी कोड आणि शून्य एकत्र आले की तो नंबरच चुकीचा.

दुसरी गडबड डोळ्यांना दिसतच नाही. वेबसाईटवरून, चॅटमधून किंवा एक्सेलमधून नंबर कॉपी करून कॉन्टॅक्टमधे पेस्ट केला की कधीकधी सोबत न दिसणारी अक्षरं येतात, मजकूर डावीकडून उजवीकडे वाचायचा की उलटा एवढंच सांगणारी चिन्हं असतात ती. स्क्रीनवर नंबर स्वच्छ दिसतो. संशय आला तर कार्ड एडिट करून कर्सर नंबराच्या शेवटी न्या आणि एकेक आकडा पुसत जा, एखाद्या वेळी बॅकस्पेस दाबलं आणि काहीच पुसलं गेलं नाही असं वाटलं तर तिथे लपलेलं अक्षर होतं. अशा वेळी कॉपी-पेस्टचा नाद सोडून पूर्ण नंबर हाताने टाईप करायचा.

आता या सगळ्या रूपांच्या भानगडीवर माझा एकच उपाय आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो. ज्या कॉलला नाव आलं नाही तो कॉल लॉगमधे शोधा. त्यावर दाबून कॉन्टॅक्टमधे जोडायचा पर्याय येतो तो घ्या, पण नवीन कार्ड करू नका, आईचंच जुनं कार्ड निवडा आणि हा नंबर त्यात दुसरा नंबर म्हणून टाका. यात नेटवर्कने तो नंबर ज्या रूपात पाठवला त्याच रूपात तो सेव्ह होतो, तुमच्या टायपिंगचा प्रश्नच येत नाही. आता कार्डात दोन नंबर शेजारी शेजारी दिसतात, आकड्याला आकडा लावून बघा, फरक लगेच दिसेल. पुढचा कॉल नावाने आला आणि जुना नंबर चुकीचा सेव्ह झालेला निघाला तरच तो उडवा. कोणाच्या ऑफिसमधून कॉल येतो तेव्हा पण हाच उपाय, कारण तुमच्याकडे सेव्ह असतो त्याच्या टेबलावरचा नंबर आणि बाहेर येताना दिसतो ऑफिसच्या मुख्य लाईनचा. फक्त तो नंबर एका माणसाच्या नावावर टाकला की त्या ऑफिसातून कोणीही फोन केला तरी त्याचंच नाव येणार, हे लक्षात ठेवून काय ते करा.

एक सावधगिरी. कार्ड दुरुस्त केल्यावर कॉल लॉगमधल्या जुन्या नोंदी बघून निकाल लावू नका. कॉल लॉगमधे त्या वेळचं नाव नोंदीसोबत साठवून ठेवलेलं असतं, ते बदलायला वेळ लागतो, कधी बदलतही नाही. आईला सांगून नवीन कॉल करायला लावा आणि तोच बघा.

तिसरं कारण तुमच्या वर्णनात बसत नाही, कारण त्यात नाव गायब होत नाही, पण टोन चुकण्याचं ते नेहमीचं कारण आहे म्हणून सांगतो: एकाच नंबराची दोन कार्डं. एक सिममधून आलेलं "आई", एक गुगल अकाउंटमधलं "आई घर", कधी तिसरं कुठल्यातरी ॲपने बनवलेलं. तुम्ही टोन लावली एकाला आणि कॉलच्या वेळी फोनने उचललं दुसरं. इथे नाव तर दिसतं पण टोन चुकते, आणि नाव नीट वाचलं तर स्पेलिंग किंवा शब्द जरासा वेगळा असतो, तिथे लक्ष द्या. गुगलच्या Contacts ॲपमधे Merge & fix मधे जाऊन डुप्लिकेट एकत्र करता येतात, आयफोनमधे डुप्लिकेट असतील तर कॉन्टॅक्टच्या यादीत वरतीच तशी सूचना येते. एकत्र केल्यावर टोन परत एकदा तपासा, एकत्रीकरणात ती टिकेलच असं धरून चालू नका. सिमवरची कार्डं तर मी सरळ फोनमधल्या अकाउंटमधे आणून सिमवरून उडवतो, कारण सिमवरच्या कार्डात नाव आणि नंबर यापलीकडे फार काही मावत नाही, बऱ्याच फोनमधे सिमवरच्या कॉन्टॅक्टला टोन लावायचा पर्यायच दिसत नाही आणि लोक तासभर तो शोधत बसतात.

ज्यांना कॉम्प्युटरला फोन जोडून adb वापरता येतं त्यांच्यासाठी हे सगळं अर्ध्या मिनिटात कळतं. कॉल आल्यावर फोन जे शोधतो तेच आपण हाताने विचारायचं, NUMBER च्या जागी कॉल लॉगमधला नंबर टाकायचा, पुढे अधिक चिन्ह असेल तर त्याऐवजी %2B लिहायचं:

```
adb shell content query --uri content://com.android.contacts/phone_lookup/NUMBER --projection display_name:custom_ringtone
```

No result found आलं तर नंबर जुळतच नाहीये. दोन ओळी आल्या आणि दोन्हीकडे नाव वेगळं तर दोन कार्डं आहेत. एक ओळ आली आणि custom_ringtone=NULL असेल तर नाव बरोबर पण टोन लागलेलीच नाही. हे येत नसेल तर काही अडत नाही, वरच्या खुणांनी पण तिथेच पोचाल.

सगळ्यांचीच नावं एकदम गेली असतील, फक्त आईचं नाही, तर मात्र नंबर-बिंबर बघायचं नाही. तेव्हा फोन ॲपची कॉन्टॅक्ट बघायची परवानगी गेलेली असते किंवा अकाउंटच सिंक होत नसतं. अँड्रॉइडमधे सेटिंगमधे Apps, त्यात Phone, त्यात Permissions, तिथे Contacts ला परवानगी आहे का बघा. कॉलर आयडीचं एखादं ॲप टाकलं असेल तर ते कधीकधी डिफॉल्ट फोन ॲप होऊन बसलेलं असतं, मग परवानगी त्याची तपासावी लागते, किंवा सरळ मूळ फोन ॲप परत डिफॉल्ट करून टाका, मी तेच करतो. आयफोनवर सगळी नावं गेली की आयक्लाउडमधे Contacts चं बटण चालू आहे का ते आधी. आणि फक्त गाडीतल्या स्क्रीनवर किंवा घड्याळावर नंबर दिसतोय, फोनवर नाव बरोबर येतंय, तर ब्लूटूथच्या यादीत त्या गाडीच्या नावापुढच्या सेटिंगमधे कॉन्टॅक्ट शेअर करायचं बटण असतं, जोडणी करताना घाईत आपण नको म्हटलेलं असतं.

आता नाव दरवेळी येतंय असं धरू आणि टोनकडे वळू. अँड्रॉइडवर गुगलचं Contacts ॲप असेल तर कार्ड उघडा, वरचे तीन ठिपके, Set ringtone. सॅमसंगमधे कार्ड एडिट करून View more दाबलं की खाली Ringtone ची ओळ येते. एवढंच आहे, यात शिकण्यासारखं काही नाही. शिकण्यासारखं आहे ते हे की लावलेली टोन काही दिवसांनी का उडते.

फोन त्या कार्डात गाण्याचं नाव लिहून ठेवत नाही, फोनमधल्या आवाजाच्या फायलींच्या यादीतला त्या फायलीचा क्रमांक लिहून ठेवतो. तुम्ही साफसफाईत ती फाईल उडवली, दुसऱ्या फोल्डरला हलवली, मेमरी कार्ड काढून परत घातलं, की तो क्रमांक लटकतो आणि फोन गपचूप डिफॉल्ट टोन वाजवतो, चूक झाली असं सांगत पण नाही. मग तुम्ही तेच गाणं त्याच नावाने परत डाउनलोड करता आणि म्हणता की फाईल तर आहे की! ती आहे, पण तिला नवा क्रमांक मिळालाय, कार्डात जुनाच आहे. कार्डात जाऊन टोन नव्याने निवडली की लागते. म्हणून मी गिऱ्हाईकाला टोन लावून देताना फाईल आधी फोनच्या आतल्या मेमरीत Ringtones नावाच्या फोल्डरमधे टाकतो आणि मगच निवडतो. डाउनलोडच्या फोल्डरमधून किंवा चॅटवर आलेल्या ऑडिओवरून थेट निवडलेली टोन म्हणजे पुढच्या साफसफाईपर्यंतची पाहुणी. आणि हो, साफसफाई करणारी ॲप्स हाच उद्योग जास्त करतात.

गाणं निवडताना त्याचा मुखडा जिथे जोरात सुरू होतो तिथून कापा. सुरुवातीला दहा सेकंद नुसती हवा वाहतेय असं गाणं लावलं तर रिंग अर्धी संपेपर्यंत तुम्हाला ऐकूच येणार नाही. आयफोनवर स्वतःच्या टोनला साधारण 30 सेकंदांची मर्यादा धरून चाला.

नवीन फोन घेतला की टोन परत लावाव्या लागतात हे पण आधीच सांगून ठेवतो. नाव, नंबर, वाढदिवस गुगल अकाउंटबरोबर नव्या फोनवर येतात, टोन येत नाही, ती त्या फोनमधल्या कॉन्टॅक्टच्या साठ्यातच राहते. याच कारणाने कोणी तुम्हाला "Contacts Storage चा डेटा क्लिअर करा, नावं परत येतील" असा सल्ला दिला तर नावं सिंक होऊन येतील खरी पण लावलेल्या सगळ्या टोन जातील. मी तो उपाय अगदी शेवटी ठेवतो, आणि आधी सिंक खरंच झालंय ना ते वेबवर गुगल कॉन्टॅक्ट उघडून बघून घेतो, कारण नुसत्या फोनवर सेव्ह केलेली कार्डं यात परत न येण्यासाठी जातात.

आता व्हायब्रेशन. इथे तुमचं आणि बायकोचं नशीब वेगळं आहे.

आयफोनमधे ही सोय मुळातच आहे आणि फार छान आहे. कॉन्टॅक्ट उघडून Edit, मग Ringtone, त्या स्क्रीनवर वरतीच Haptics ची ओळ आहे, जुन्या iOS मधे तिला Vibration म्हणायचे. आत गेलं की तयार पॅटर्न असतात, आणि खाली Create New Vibration असतं. ते उघडलं की मोकळी स्क्रीन येते, त्यावर बोटाने टिचकी मारली की छोटा झटका, बोट दाबून धरलं की धरलंय तोवर सलग थरथर. झालं की Stop, Play करून बघा, नाव देऊन Save. करताना फोन हातात न धरता पँटच्या खिशात ठेवून तपासा, हातात जे स्पष्ट वाटतं ते जाड कापडातून कळत नाही. माझा अनुभव असा की झटपट टिचक्यांचा ताल, गाण्याचा ठेका वगैरे खिशात सगळा एकच भुणभुणाट होतो. दोन लांब दाब, मधे चांगली मोठी फट, हे चालताना सुद्धा ओळखू येतं. आणि दोन-तीन माणसांपलीकडे वेगळे पॅटर्न करू नका, पाचवा कोणाचा होता हे मांडीला आठवत नाही.

पॅटर्न बनवूनही थरथर होत नसेल तर Settings मधे Sounds & Haptics, तिथे Haptics उघडा. Never Play निवडलेलं असेल तर कुठलाच पॅटर्न वाजणार नाही, आणि Don't Play in Silent Mode असेल तर नेमका मीटिंगमधे सायलेंटवर टाकल्यावर बंद पडेल, म्हणजे ज्यासाठी केलं तेच गेलं. Accessibility, मग Touch, त्यातलं Vibration चं बटण कोणी बंद केलं असेल तर त्याने पण सगळंच गप्प होतं. त्याच Ringtone च्या स्क्रीनवर Emergency Bypass असं एक बटण आहे, ते चालू केलं की त्या माणसाचा कॉल सायलेंट असतानाही आणि फोकस लावलेला असतानाही वाजतो, आवाजासकट. आजारी आईसाठी हे चालू करा, पण मीटिंगमधे मोठ्याने गाणं वाजेल हे गृहीत धरून.

तुमच्या अँड्रॉइडवर मात्र स्पष्ट सांगतो, गुगलच्या फोन ॲपमधे प्रत्येक माणसाला वेगळं व्हायब्रेशन द्यायची सोय नाही. काही कंपन्या आपल्या कॉन्टॅक्ट ॲपमधे देतात, कार्ड एडिट करून रिंगटोनच्या ओळीच्या आसपास व्हायब्रेशनची ओळ आहे का बघा, असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर यासाठी वेगळी ॲप्स मिळतात, पण ती कॉल लॉग, कॉन्टॅक्ट, सतत मागे चालू राहणं असं सगळं मागतात आणि बॅटरी वाचवायच्या नादात फोन त्यांना मधेच झोपवतो, मग ऐन वेळी साधंच व्हायब्रेशन होतं. मी कोणाला टाकून देत नाही.

त्यापेक्षा उलटी युक्ती करा. फोनची डिफॉल्ट रिंगटोन None ठेवा, कॉलला व्हायब्रेट व्हायचं बटण चालू ठेवा, आणि आईच्या कार्डाला एक अगदी हळू, छोटी टोन लावा. सायलेंट न करता फोन असाच खिशात ठेवायचा. बाकी सगळ्यांचे कॉल नुसते थरथरतील आणि आईच्या कॉलला थरथर अधिक बारीक आवाज येईल, तो तुम्हाला कळेल, टेबलापलीकडच्याला नाही. आवाजाची पातळी आधी घरी ठरवून घ्या. यातली गोम एवढीच की ज्या कॉलला नाव जुळत नाही त्याला आवाजच नाही, म्हणजे आईचा नंबर परत एखाद्या दिवशी वेगळ्या रूपात आला किंवा फोन रीस्टार्ट होऊन कुलूपबंद असला तर तिचाही कॉल मुका येईल. म्हणून आधी वरचं सगळं निस्तरा, दहा-पंधरा दिवस नाव नीट येतंय बघा आणि मगच ही युक्ती लावा.

आणि आई व्हॉट्सॲपवरून कॉल करत असेल तर यातलं काहीच लागू नाही. तुम्ही कार्डाला लावलेली टोन अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप बघतच नाही. तिथे आईची चॅट उघडून वर नावावर दाबा, नोटिफिकेशनच्या भागात जाऊन कस्टम चालू करा, तिथे कॉलची टोन वेगळी आणि व्हायब्रेशन पण Short किंवा Long असं निवडता येतं. गंमत म्हणजे साध्या कॉलला अँड्रॉइड जे देत नाही ते इथे थोडंफार मिळतं. व्हॉट्सॲपमधे पण नंबरच दिसत असेल आणि तो दुसऱ्या देशातला असेल तर कार्डात नंबर अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावून, मधलं शून्य काढून सेव्ह करा, व्हॉट्सॲप याबाबतीत फोनपेक्षा जास्त काटेकोर आहे.

तर आता पुढच्या वेळी आईचा नंबर नुसता दिसला की कॉल झाल्यावर लगेच दोन गोष्टी टिपून ठेवा, फोन उघडताना बोट चाललं की पिन मागितला, आणि कॉल लॉगमधे नंबराच्या पुढे काय लागलंय. तेवढं कळवा, म्हणजे वरच्या पहिल्या दोनांतलं नक्की कुठलं ते सांगतो.